आपल्या फोनची खिशातली शब्दवही

अँड्रॉइड फोनवर मराठी ही स्वतंत्र भाषा म्हणून २०१४ साली, पाचव्या आवृत्तीत आली. तेव्हापासून फोनच्या पडद्यावर जे मराठी शब्द दिसतात, ते कुठे शिकवले जात नाहीत. शाळेत नाही, फोनच्या खोक्यात मिळणाऱ्या घडीच्या कागदावरही नाही. माणूस ते दाबून दाबून शिकतो, आणि ज्या शब्दाशी वर्षातून दोनदाच गाठ पडते तो पुढच्या खेपेपर्यंत विसरतो. वाशीम जिल्ह्यात हे सगळ्यात स्पष्ट दिसते ते ई-पीक पाहणीच्या दिवसांत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतःच्या फोनवरून सातबाऱ्यावर करायची पद्धत सुरू झाली. रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा, कारंजा, वाशीम या साऱ्या तालुक्यांत सोयाबीन फुलोऱ्यात आणि तूर कमरेइतकी असताना लोक बांधावर उभे राहून फोनशी बोलत असतात.

या प्रकरणात मी एकाच फोनबद्दल लिहिणार आहे. रिसोड तालुक्यातल्या माझ्या मामांनी तो २०२० साली घेतला आणि अजून वापरतात. त्या फोनची एक वही आम्ही केली आहे. सदऱ्याच्या खिशात मावेल इतकी, आणि तीत फक्त त्याच फोनच्या पडद्यावर दिसणारे शब्द आहेत. तिला शब्दकोश म्हणता येणार नाही. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, किंवा संगणकाच्या मेनूतले शब्द भारतीय भाषांत एकसारखे असावेत म्हणून २००८ साली सुरू झालेला 'फ्युएल' प्रकल्प, यांचे काम वेगळे. लिहिणाऱ्याने कोणता शब्द योजावा हे ते सांगतात. आपल्या वहीने सांगायचे ते इतकेच की हा शब्द दाबला तर या फोनवर काय होते आणि झालेले परत फिरवता येते का.

हा फरक नीट लक्षात आला तो २०२२ च्या खरिपात.

मामांनी त्या ऑगस्टात ई-पीक पाहणी उघडली. आधीच्या वर्षी त्यांनी खरीप आणि रब्बी, दोन्ही नोंदी स्वतः केल्या होत्या, त्यामुळे अ‍ॅपमधले शब्द त्यांच्या ओळखीचे होते. पीक माहिती नोंदवा, कायम पड, अपलोड यांत अडण्यासारखे काही नव्हते, कारण ते महसुलाचे शब्द, आणि सातबारा वाचणाऱ्याला ते फोनच्या आधीपासून ठाऊक. अडले ते मध्येच उगवलेल्या एका चौकटीपाशी. अ‍ॅपला डिव्हाइसच्या स्थानाची माहिती घेऊ द्यायची का, असे ती विचारत होती. वर दोन गोल चित्रे, एकाखाली 'अचूक' आणि दुसऱ्याखाली 'अंदाजे'. त्याखाली तीन ओळी: 'अ‍ॅप वापरताना', 'फक्त या वेळी', 'अनुमती देऊ नका'.

मामांनी फोन केला. "बाबू, हे काय इचारू राह्यलं? मागच्या साली तं हे दोन गोल नव्हते." आणि माझे उत्तर येण्याआधीच त्यांनी 'अंदाजे' निवडले होते. त्यामागे विचार होता. आपली जागा फोनला नेमकी कशाला सांगायची, अंदाजे सांगितली तरी भागेल. अनोळखी चौकटीपुढे सावध माणूस असाच वागतो, आणि बऱ्याच अ‍ॅपच्या बाबतीत हाच निर्णय बरोबर ठरतो.

इथे मात्र तो नडला. २०२२ च्या सुधारित अ‍ॅपमध्ये गटाच्या मध्यबिंदूपासून तुम्ही किती दूर आहात हे तपासले जात होते आणि पिकाचा फोटो घेताना दूर असलात तर तसा संदेश येत होता. अंदाजे स्थान दिले की फोन अ‍ॅपला नेमका बिंदू देतच नाही. साधारण तीन चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात कुठेतरी, एवढेच सांगतो. मामा स्वतःच्या सोयाबीनमध्ये उभे होते आणि फोन त्यांना शेजारच्या शिवारात दाखवत होता. त्यांनी फोन बंद करून चालू केला, शेताच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिले, नेटवर्कला दोष दिला. यातल्या कशाचाही उपयोग होणार नव्हता, कारण बिघाड कुठे नव्हताच. निवडलेल्या शब्दाप्रमाणे फोन तंतोतंत वागत होता.

मागच्या साली हे दोन गोल नव्हते, हे मामांचे म्हणणे खरे होते. ही निवड अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीत आली, आणि मधल्या काळात त्यांच्या फोनने ते अपडेट घेतले होते. पण मग परवानगी एकदा दिलेली असताना चौकट पुन्हा का आली? तर अकराव्या आवृत्तीपासून, एखादे अ‍ॅप काही महिने उघडलेच नाही तर फोन त्याच्या परवानग्या आपणहून काढून घेतो. जानेवारीत रब्बीची नोंद झाली की हे अ‍ॅप ऑगस्टपर्यंत कोण उघडणार? म्हणजे हंगामी अ‍ॅपचा हा प्रश्न दर हंगामाला पुन्हा समोर येणारच, आणि तोवर मागचे उत्तर डोक्यातून गेलेले असणार. शब्दवहीची पहिली नोंद निवडायची ती अशी: ज्याने काम अडते, आणि जे इतक्या विरळ भेटते की लक्षात राहत नाही.

ती नोंद आज वहीत अशी आहे:

*अंदाजे / अचूक* (लोकेशन, अप्रॉक्झिमेट / प्रिसाइज). कुठे: अ‍ॅप पहिल्यांदा जागा विचारते ती चौकट, वरचे दोन गोल. काय होते: अंदाजे म्हणजे एक-दोन किलोमीटर इकडेतिकडे. अचूक म्हणजे शेतात जिथे उभे तिथे. पीक पाहणीला अचूक लागते. हवामानाच्या अ‍ॅपला अंदाजे चालते. परत फिरवता येते: हो. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, ई-पीक पाहणी, परवानग्या, स्थान, तिथे खाली 'अचूक स्थान वापरा' ही कळ. दिनांक: २७ ऑगस्ट २०२२, अँड्रॉइड १२.

या नोंदीतली प्रत्येक गोष्ट कधी ना कधी कामी आली आहे. कंसातले इंग्रजी शब्द पुण्यातल्या भाच्यासाठी, म्हणजे माझ्यासाठी आहेत. माझा फोन इंग्रजीत, मामांचा मराठीत. त्यांनी फोनवर 'अचूक' म्हटले तर माझ्या पडद्यावर मी काय शोधायचे? आणि दुकानात, सेतू केंद्रात, सगळे 'लोकेशन'च म्हणतात, 'स्थान' कोणीच म्हणत नाही. त्यामुळे पडद्यावर दिसतो तो शब्द, इंग्रजी पडद्यावरचा शब्द आणि तोंडी चालणारा शब्द, अशी तिन्ही रूपे शेजारी हवीत. 'कुठे' हा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, कारण फोनवर एकच शब्द दोन ठिकाणी दोन कामे करतो. 'बंद करा' हे वायफायखाली असेल तर पुन्हा चालू करायला एक बोट पुरते. अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर असेल तर ते अ‍ॅपच यादीतून नाहीसे होते आणि माणूस ते शोधत बसतो. जागा न लिहिता नुसता शब्द लिहिलेली नोंद म्हणून खोटी ठरू शकते.

याच चौकटीबद्दल आणखी एक गोष्ट पुढच्या पानावर आहे, कारण ती पडद्यावर कुठेच लिहिलेली नसते. 'अनुमती देऊ नका' हे एकाच परवानगीसाठी दोनदा दाबले, तर अकराव्या आवृत्तीपासून फोन ते कायमचे उत्तर धरतो. त्यानंतर चौकट येतच नाही. अ‍ॅप नुसते थबकते, किंवा परवानगी नाही असे सांगून परत फिरते. अशा वेळी लोक अ‍ॅप काढून पुन्हा टाकतात. त्याने चौकट परत येते हे खरे, पण त्या अ‍ॅपमध्ये न पाठवलेले जे काही असेल ते जाते. सेटिंग्जमधून परवानगी देणे हा सरळ रस्ता, आणि तोच वहीत आहे. ही खूण ओळखू येते ती अशी: आधी विचारणारे अ‍ॅप आता विचारतच नाही.

आता हे शब्द गोळा करायचे कसे, ते सांगतो.

स्क्रीनशॉट बटण दाबायच्या आधी घ्यायचा. दाबल्यावर चौकट निघून जाते आणि मग आठवणीवर लिहावे लागते. बहुतेक फोनवर आवाज कमी करायचे बटण आणि बाजूचे पॉवर बटण एकदम क्षणभर दाबले की पडदा टिपला जातो. पॉवर आधी दाबले गेले तर पडदा बंद होतो, म्हणून मामांना मी आवाजाच्या बटणावर बोट ठेवून मग पॉवर दाबायला सांगितले. टिपलेल्या चित्राचे नाव फोन स्वतःच ठेवतो, आणि ते फार उपयोगी असते. मामांच्या फोनवर ते असे दिसते: `Screenshot_20220827-094107.png`. वर्ष, महिना, दिवस, मग तास, मिनिटे, सेकंद. म्हणजे २७ ऑगस्ट २०२२, सकाळी ९ वाजून ४१ मिनिटे. काही कंपन्यांचे फोन या नावातच अ‍ॅपचे नावही जोडतात. वहीत दिनांक लिहायला विसरलो तरी चित्राच्या नावावरून तो मिळतो, फक्त ते नाव बदलायचे नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या चित्राचे मूळ नाव टिकत नाही. म्हणून मामांनी मला पाठवलेल्या चित्रांवरून नोंद करताना मी दिनांक त्यांना विचारून घेतो.

चित्राच्या वरच्या पट्टीकडेही पाहायचे. वेळ, बॅटरी, नेटवर्कच्या रेघा, मोबाइल डेटा चालू होता का, हे सगळे त्या पट्टीत पकडलेले असते. 'अपलोड होत नाही' अशी तक्रार असलेल्या एका चित्रात रेघा भरपूर होत्या, पण डेटाची खूण नव्हती. शब्दाचा काही दोष नव्हता. पट्टी कापून टाकली असती तर हे कळले नसते. म्हणून मूळ चित्र तसेच ठेवायचे आणि वहीसाठी त्याची प्रत कापायची.

वहीसाठी छापायचे असेल तर स्क्रीनशॉट पांढऱ्या पार्श्वभूमीवर घ्यावा. फोन काळ्या थीमवर असेल तर झेरॉक्सच्या दुकानात काळा ठोकळा निघतो, त्यातली बारीक करडी अक्षरे वाचता येत नाहीत. पूर्ण पडदा छापायची गरज नसते. चौकट आणि तिच्या वरची एक ओळ एवढा तुकडा पुरतो. तो पाच सेंटिमीटर रुंद छापला तर मामांना चष्म्याने वाचता येतो. आम्ही सगळ्याच नोंदींना चित्र लावलेले नाही. जिथे शब्दापेक्षा जागा ओळखायची आहे, जसे ते दोन गोल, तिथेच लावले आहे.

कापताना आणखी एक काळजी घ्यायची. सातबारा, खाते क्रमांक, मोबाइल नंबर, आधारचे आकडे, आलेला ओटीपी हे चित्रात सहज येतात. ते झाकायला अनेक जण फोनमधल्या रंगाच्या पेनने वरून फासतात. त्यातला हायलायटर पारदर्शक असतो. नुसत्या डोळ्यांना काळा दिसला तरी चित्राचा उजेड वाढवला की खालचे आकडे वाचता येतात. कापून टाकलेला भाग मात्र त्या प्रतीत उरत नाही. म्हणून फासण्यापेक्षा कापावे, आणि कापलेलीच प्रत पुढे पाठवावी. स्क्रीनशॉटचा फोल्डर फोटोंच्या ऑनलाइन साठ्यात आपोआप जातो का, हेही एकदा पाहून घ्यावे. जात असेल तर मूळ चित्रेही तिथे पोचलेली असतात.

बँकेच्या अ‍ॅपचे पडदे मात्र टिपता येत नाहीत. अ‍ॅप बनवणाऱ्यांनीच ते अडवलेले असते, आणि स्क्रीनशॉट घेण्याची अनुमती नाही असा संदेश येतो, नाहीतर नुसता काळा आयत मिळतो. दुसऱ्याच्या फोनने त्याचा फोटो काढायचा मोह आवरावा, कारण ते अडवण्यामागे कारण आहे. अशा पडद्याची नोंद हाताने करायची: वरून तिसरी ओळ, डावीकडे खूण, शब्द अमुक. आकडा एकही नाही.

दुसऱ्या फोनने फोटो काढायची खरी वेळ वेगळी, आणि त्यासाठीच वही कागदाची असावी असा माझा आग्रह आहे. फोन अर्ध्यात अडकून पुढे सरकत नाही तेव्हा दुकानदार एक काळा पडदा उघडतो. त्याला रिकव्हरी म्हणतात. तिथे अँड्रॉइड चालू झालेले नसते, म्हणून स्क्रीनशॉट निघत नाही, बहुधा मराठी नसते आणि अनेक फोनवर बोटाचा स्पर्शही चालत नाही. आवाजाच्या बटणाने वरखाली जायचे आणि पॉवरने निवडायचे. त्या यादीत या ओळी असतात:

```
Reboot system now
Wipe data/factory reset
Wipe cache partition
```

पहिली ओळ फोन नेहमीसारखा चालू करते, काही पुसत नाही. तिसरी काही फोनवर असते, काहींवर नसते. ती फक्त तात्पुरत्या फायली काढते, फोटो आणि नोंदी राहतात. मधली सगळे पुसते: फोटो, न पाठवलेल्या नोंदी, जुनी संभाषणे. दुसरी आणि तिसरी दोन्ही `Wipe`ने सुरू होतात आणि एकाखाली एक असतात. वहीत मधल्या ओळीसमोर लाल शाईने 'दुकानदाराला आधी विचारा: फोटो काढून घेतले का?' असे लिहिले आहे. हे शब्द फोनमधल्या नोंदवहीत लिहून ठेवले असते, तर नेमक्या गरजेच्या वेळी ते त्या अडकलेल्या फोनमध्येच राहिले असते.

याच जातीची एक जोडी मराठी पडद्यावरही आहे आणि तिच्याशी लोकांची गाठ फार वेळा पडते. अ‍ॅप हळू चालते, अडकते. गावात कोणीतरी सांगते, "साफ करा, चालते मंग." सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या स्टोरेजच्या पानावर गेले की दोन बटणे शेजारी दिसतात: 'स्टोरेज साफ करा' आणि 'कॅशे साफ करा'. दोन्हींत 'साफ करा' आहे, आणि साफ करणे हे चांगलेच काम वाटते.

याचा अर्थ आम्ही शोधला तो न घाबरता करता येईल अशा ठिकाणी. फोनमधले कॅल्क्युलेटर घेतले. त्यात चार-दोन गणिते केली, म्हणजे मागच्या हिशेबांची यादी तयार झाली. मग त्याच्या स्टोरेजच्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला. तिथे अ‍ॅपचा आकार, वापरकर्ता डेटा, कॅशे आणि एकूण, असे चार आकडे असतात. आधी 'कॅशे साफ करा' दाबले आणि पुन्हा स्क्रीनशॉट घेतला. फक्त कॅशेचा आकडा शून्यावर आला, आणि कॅल्क्युलेटर उघडले तर मागची गणिते जागच्या जागी. मग 'स्टोरेज साफ करा' दाबले. आता एक चौकट आली. अ‍ॅपचा सगळा डेटा कायमचा हटवला जाईल असा तिचा इशारा होता. होय म्हटल्यावर वापरकर्ता डेटाही शून्य झाला आणि गणितांची यादी गेली. तीन चित्रे शेजारी ठेवल्यावर कोणते बटण कोणत्या आकड्याला हात लावते हे मामांना समजावून सांगावे लागले नाही.

ई-पीक पाहणीला हे लागू करून पाहा. शिवारात नेटवर्क नसेल तर नोंद आणि फोटो फोनमध्येच थांबतात आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड करायचे असतात. तोवर ती नोंद त्या अ‍ॅपच्या डेटात आहे असे धरूनच वागावे. 'कॅशे साफ करा' दाबले तर सहसा काही बिघडत नाही, 'स्टोरेज साफ करा' दाबले तर पुन्हा शेतात जायची तयारी ठेवावी, आणि मुदत संपत आली असेल तर तेही जमणार नाही. वहीत म्हणून या जोडीला एक अट जोडलेली आहे: अपलोड झाल्याची खूण अ‍ॅपमध्ये पाहिल्याशिवाय स्टोरेजला आणि 'अनइंस्टॉल करा'ला हात लावायचा नाही. तिसरे बटण 'सक्तीने थांबवा'. ऐकायला ते सगळ्यांत कडक, प्रत्यक्षात तिघांत सौम्य. चालू अ‍ॅप बंद होते, पुन्हा उघडेपर्यंत त्याच्या सूचना येत नाहीत, अर्धवट भरलेला आणि जतन न केलेला फॉर्म जाऊ शकतो. जतन झालेले राहते. अ‍ॅप अडकले तर वहीत क्रम असा आहे: आधी सक्तीने थांबवा, मग कॅशे, आणि तिथे थांबून फोन करा.

ज्या शब्दाची अशी निर्धोक परीक्षा घेता येत नाही, जसे फॅक्टरी रीसेट, तिथे मदतीच्या पानावरून किंवा जाणत्या माणसाकडून अर्थ लिहून घ्यायचा आणि समोर 'ऐकीव' असे लिहायचे. काहीच कळले नाही तर प्रश्नचिन्ह. अशी प्रश्नचिन्हे आमच्या वहीत आहेत आणि ती तशीच ठेवली आहेत. प्रश्नचिन्ह असलेला शब्द दाबायचा नाही, असा त्याचा अर्थ घरात सगळ्यांना माहीत आहे.

इंग्रजी जोडशब्द मिळवायची रीत सोपी आहे, पण ती करताना वाट हरवू शकते. सेटिंग्ज, सिस्टम, भाषा या पानावर इंग्रजी जोडायची आणि ओढून पहिल्या क्रमांकावर आणायची. सगळा फोन इंग्रजीत होतो. मग ज्या पडद्याचा मराठी स्क्रीनशॉट आहे त्याच पडद्यावर जाऊन दुसरा घ्यायचा. ओळींचा क्रम दोन्ही भाषांत तोच असतो, म्हणून तिसरी ओळ तिसऱ्या ओळीशी जुळवली की झाले. परत येताना मराठी पुन्हा वर ओढायची. काही अ‍ॅपची भाषा त्यांच्या आतच वेगळी निवडलेली असते, आणि तेराव्या आवृत्तीपासून फोनच्या सेटिंग्जमधूनही अ‍ॅपनिहाय भाषा देता येते. त्यामुळे फोन बदलला आणि अ‍ॅप तसेच राहिले तर गोंधळून जायचे नाही.

वहीचे शेवटचे पान भाषा बदलताना वाट हरवण्याच्या प्रसंगासाठी आहे. नातवंडांच्या हातून फोन एखाद्या अनोळखी लिपीत गेला तर वहीतले सगळे शब्द निरुपयोगी होतात. म्हणून त्या पानावर शब्द नाहीत, फक्त वाट आहे: सेटिंग्जची दातेरी चाकाची खूण, आत सगळ्यात खालपासून मोजून कितवी ओळ, तिच्यात कितवी, आणि भाषांच्या यादीत प्रत्येक भाषेचे नाव तिच्याच लिपीत असते म्हणून 'मराठी' हे देवनागरीत शोधायचे. ओळींचा क्रम फोनच्या कंपनीप्रमाणे आणि आवृत्तीप्रमाणे बदलतो. दुसऱ्याच्या वहीतून हे पान उतरवून घेता येणार नाही, ते आपल्याच फोनवर मोजावे लागेल.

शब्द वहीत कोणत्या क्रमाने लावायचे यावर मी सुरुवातीला अकारविल्हेचा पक्ष धरला होता. मामांना तो पटला नाही, आणि त्यांचे कारण मोलाचे होते. शब्द माहीत असेल तर अक्षराने शोधता येतो, पण अडलेल्या माणसाला काम माहीत असते, शब्द नाही. शिवाय अ‍ॅ कुठे लावायचा, स्थान 'स'मध्ये की लोकेशन 'ल'मध्ये, यावर आमचेच एकमत होईना. शेवटी वही कामांप्रमाणे लावली. पीक पाहणी, पैसे, फोटो आणि जागा, आवाज आणि घंटी, नेटवर्क, अडकला तर. प्रत्येक कामामागे दोन-तीन पाने कोरी सोडली. अक्षरांची यादी शेवटून दुसऱ्या पानावर आहे, पण तीत शब्द आणि पान क्रमांक एवढेच.

वही जुनी होते ती अपडेटमुळे. शब्द बदलतात, जागा बदलतात, क्वचित शब्द तोच राहून काम बदलते. मामांच्या आधीच्या फोनवर 'डेटा साफ करा' असे बटण होते, या फोनवर त्याच कामाला 'स्टोरेज साफ करा' आहे. जुना शब्द वहीत आहे, त्यावर एक रेघ मारलेली, कारण जिल्ह्यातले निम्मे सल्लागार अजून 'डेटा साफ करा'च सांगतात आणि तो सल्ला कोणत्या बटणाबद्दल आहे हे कळायला हवे. खोडरबराने पुसले असते तर ही साखळी तुटली असती. नवी आवृत्ती आली की सेटिंग्जमधल्या 'फोनबद्दल' या पानाचा स्क्रीनशॉट घ्यायचा, त्यात आवृत्तीचा आकडा असतो, आणि मग वहीतली लाल शाईची पाने तेवढी फोनवर पडताळायची. सगळी वही दर वेळी तपासायला कोणी बसणार नाही. ज्यांनी काही पुसले जाते किंवा पैसे जातात, ते शब्द तपासले तरी बरेच झाले.

वहीत काय घ्यायचे नाही हेही ठरवावे लागते. रद्द करा, पुढे, मागे, ठीक आहे हे शब्द आम्ही घेतले होते आणि नंतर काढले. रोज भेटणाऱ्या शब्दाला नोंद लागत नाही. पासवर्ड, पिन, खाते क्रमांक या वहीत कधीच नाहीत, कारण ही वही दुकानदाराच्या, शेजाऱ्याच्या हातात जाणार आहे. आणि पीक पाहणीत नोंद केल्यावर ४८ तासांत एकदा दुरुस्ती करता येते अशासारखे नियम आम्ही पेन्सिलीने लिहितो. ते फोनचे शब्द नाहीत, ते शासनाचे नियम आहेत आणि हंगामागणिक बदलू शकतात.

मामांचा हा फोन आता कंपनीच्या अपडेटच्या यादीतून बाहेर पडला आहे, म्हणजे त्याचे स्वतःचे शब्द यापुढे फारसे बदलणार नाहीत, बदलतील ते अ‍ॅपचे. नवा फोन येईल तेव्हा वहीतली परवानग्यांची पाने आणि कॅशे-स्टोरेजची जोडी बहुतेक तशीच चालेल, कारण ती अँड्रॉइडच्या मुळाशी आहेत. रिकव्हरीचे पान, भाषेच्या वाटेचे पान आणि बटणे दाबायच्या रीती नव्याने लिहाव्या लागतील. जुना फोन विकण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून हे काम करायचे ठरले आहे, आणि त्यासाठी मामांनी मला दिवाळीनंतर, तुरीच्या शेंगा भरायच्या सुमारास यायला सांगितले आहे.